विसर्जनानंतरचं आभारपत्र: कोणत्या गटाचं श्रेय कसं लिहायचं आणि आकडे कसे द्यायचे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अनंत चतुर्दशीला नाशिकच्या गोदाघाटावर मूर्ती आणि निर्माल्य संकलनाचं काम करणाऱ्या मंडळांसाठी, सोसायट्यांसाठी आणि महाविद्यालयीन पथकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. काम संपल्यावर स्वयंसेवकांना काय लिहून पाठवायचं, एवढाच विषय. उदाहरणासाठी एका घाटाचं एका दिवसाचं काम घेतलं आहे. त्यातले आकडे हिशेब कसा मांडायचा ते दाखवण्यापुरते आहेत.

आभारपत्र कधी पाठवावं?

दोनदा. पहिला निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी, चार ओळींचा, एकही आकडा नसलेला. "काल रात्री शेवटची ट्रॉली भरून गेली, घाट धुऊन झाला, सगळे सुखरूप घरी पोहोचले. सविस्तर पत्र आठवड्याभरात पाठवतो." पहाटेपर्यंत मूर्ती उचललेल्या मुलांना त्या दिवशी एवढंच हवं असतं.

खरं पत्र आठ दिवसांच्या आत जावं. दुसऱ्याच दिवशी आकडे लिहायला बसलात तर ते चुकतात, कारण तीन टेबलांचे कागद अजून तीन घरांत असतात. उलट पितृपक्ष सरून घटस्थापना आली की सगळी मंडळं पुढच्या कामाला लागलेली असतात आणि कोणी कुठे किती वेळ उभं होतं, हे सांगणारं कोणी उरत नाही.

त्यासाठी कार्यक्रमाच्या दिवशीच काही करून ठेवावं लागतं का?

हो, आणि बहुतेक आभारपत्रं इथेच फसतात. नोंद नसली की "सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे मनःपूर्वक आभार" यापलीकडे काही लिहिताच येत नाही.

एक साधी हजेरीवही ठेवा. तिच्यात गटाचं नाव, माणसाचं नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि शेवटचा रकाना "प्रत्यक्ष काय केलं" हा. हा शेवटचा रकाना आदल्या दिवशी भरून ठेवू नका. ठरलेलं काम आणि झालेलं काम यांत घाटावर बराच फरक पडतो. टेबलावर बसायला आलेली मुलं गर्दी वाढल्यावर दोर धरून उभी राहतात, आणि पत्रात त्यांचं श्रेय टेबलाच्या नावावर पडतं.

वही सांभाळायला एक माणूस मोकळा ठेवा. त्याला दुसरं काम देऊ नका. आणि गटाचं नाव त्यांच्याच माणसाकडून वहीत लिहून घ्या. "महिला मंडळ" की "महिला बचत गट", "पथक" की "वाद्यपथक", हा फरक आपल्याला किरकोळ वाटतो, त्यांना वाटत नाही.

गटांची नावं कोणत्या क्रमाने लिहावीत?

मूर्ती ज्या वाटेने गेली त्या क्रमाने. घाटाच्या पायऱ्यांच्या वर गाड्या थांबवणारे, मग कुटुंबांशी बोलणारे, मग आरतीची जागा सांभाळणारे, मग नोंदीचं टेबल, मग निर्माल्य निवडणारे, मग मूर्ती उचलणारे, मग ट्रॉली. पाण्यापाशी उभे राहिलेले जीवरक्षक आणि चहा-पाणी पाहणारे दिवसभर सगळ्यांच्या सोबत होते, म्हणून त्यांचा परिच्छेद शेवटी, पण स्वतंत्र.

या क्रमाचा फायदा असा की कोण मोठं, कोण छोटं हा प्रश्न निघत नाही. गटाच्या संख्येनुसार किंवा प्रतिष्ठेनुसार क्रम लावला की पाच जणांचा गट तळाशी जातो. त्या पाच जणांनी रात्रभर ट्रॉलीवर मूर्ती नीट रचून लावल्या असतील, तर त्यांना तळाशी टाकणं अन्यायाचं आहे. शिवाय पत्र वाचणाऱ्याला आपल्या हातातली मूर्ती पुढे कोणाच्या हातात गेली, हे पहिल्यांदाच कळतं. टेबलावरच्या मुलीने मागचं निवडण्याचं काम पाहिलेलंही नसतं.

एका गटाबद्दल नेमकं काय लिहावं?

त्यांनी काय केलं, कुठे आणि कोणत्या वेळात केलं, आणि त्यामुळे पुढच्या माणसाचं काय सोपं झालं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच राहून जाते.

"बचत गटाच्या ताईंनी निर्माल्य विभागात मोलाचं सहकार्य केलं" हे वाक्य कोणत्याही गावच्या कोणत्याही कार्यक्रमाला चालेल. हेच असं लिहून पाहा: "दुपारी चारपासून रात्री अकरापर्यंत बचत गटाच्या ताईंनी ताडपत्रीवर बसून हारांतला दोरा, जरीच्या माळा, थर्माकोल आणि प्लॅस्टिक वेगळं काढलं. त्यामुळे फुला-पानांची पोती थेट खतासाठी देता आली, परत उघडावी लागली नाहीत." ज्यांचे हात दोरे ओढून सोलले त्यांना या वाक्यात आपलं काम ओळखू येतं. पुढच्या वर्षी त्यांना बोलवायला जाल तेव्हा वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणखी एक उदाहरण. पायऱ्यांवर सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक उभे असतात. "जनजागृती केली" असं त्यांच्याबद्दल लिहिलं जातं. प्रत्यक्षात ते काय करतात? एखादं कुटुंब म्हणतं, बाप्पा गंगेत बुडवल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही. काका वाद घालत नाहीत. ते म्हणतात, "तीन वेळा पाण्याला टेकवा, नमस्कार करा आणि मग आमच्या हातात द्या, आम्ही नीट ठेवतो." हे बोलणंच त्यांचं काम आहे, म्हणून पत्रातही तेच लिहा: "श्रद्धा न दुखावता तीन बुडींनंतर मूर्ती हातात घेण्याची पद्धत काकांनी समजावली, आणि टेबलापाशी एकदाही वाद झाला नाही." वाद झाला असेल तर अर्थातच शेवटचा भाग लिहू नका.

कौतुकाची विशेषणं कमी ठेवा. "अथक", "अमूल्य", "सिंहाचा वाटा" हे शब्द एका गटाला दिले की दुसऱ्याला का नाहीत, असा प्रश्न येतो. वेळ, जागा आणि काम लिहिलंत की विशेषणांची गरज पडत नाही.

मूर्तींचा आकडा कोणता द्यावा? तीन ठिकाणी तीन आकडे येतात.

हे दर वर्षी होतं. आपल्या उदाहरणात पहिल्या टेबलावर ६१२, दुसऱ्यावर ७४८ आणि तिसऱ्यावर ५७१ अशा नोंदी आहेत, एकूण १,९३१. ट्रॉलीत चढवताना मोजणाऱ्याच्या वहीत मात्र १,८८४ आहेत. फरक ४७ मूर्तींचा.

आधी फरक कुठल्या वेळातला आहे ते शोधा. नोंदी तासातासाला ओळ मारून ठेवलेल्या असतील तर हे दहा मिनिटांचं काम आहे. बहुतेक वेळा तो रात्री आठ ते दहाच्या गर्दीतला निघतो. कुटुंब एका टेबलावर निर्माल्य देतं, तिथे रेघ ओढली जाते, मग दुसऱ्या टेबलावर मूर्ती देतं आणि तिथेही रेघ पडते. कधी एकाच घरातले दोघं दोन रांगांत असतात.

अशा वेळी पत्रात १,८८४ लिहा. ट्रॉलीपाशी प्रत्येक मूर्ती एकदाच हातातून जाते, म्हणून तो आकडा जास्त भरवशाचा. सोबत एक ओळ लिहा: "हा आकडा ट्रॉलीत चढवताना मोजलेला आहे." दोन आकड्यांची सरासरी काढू नका, आणि मोठा आहे म्हणून १,९३१ घेऊ नका. टेबलावरच्या मुलांना आपली मोजणी खोटी ठरली असं वाटू नये, म्हणून फरकाचं कारण त्यांना आधी फोनवर सांगा. पत्रात वाचून त्यांना ते कळू नये.

किती शाडूच्या आणि किती पीओपीच्या, हेही लोक विचारतात. रंगवलेल्या, भिजलेल्या मूर्तीकडे बघून रात्रीच्या उजेडात हे खात्रीने सांगता येत नाही. दात्याला विचारून लिहून घेतलं नसेल तर ही विभागणी देऊ नका.

निर्माल्याचं वजन कसं सांगायचं? सगळी पोती तोलता येत नाहीत.

गाडी वजनकाट्यावरून गेली असेल आणि पावती मिळाली असेल तर तोच आकडा द्या. पण त्या गाडीत शेजारच्या घाटाचं निर्माल्यही होतं का, हे आधी विचारून घ्या.

पावती नसेल तर नमुना तोला. उदाहरणात फुला-पानांची ९६ पोती भरली. त्यांतली १२ पोती, काही दुपारची आणि काही रात्रीची, लटकत्या काट्यावर तोलली. त्यांचं वजन १७४ किलो, म्हणजे एका पोत्याला सरासरी १४.५ किलो. ९६ पोत्यांचं झालं १,३९२. पत्रात "सुमारे १,४०० किलो ओलं निर्माल्य" असं लिहा. १,३९२ लिहिलंत तर एकेक किलो मोजल्यासारखं दिसतं, आणि तसं झालेलं नसतं.

"ओलं" हा शब्द सोडू नका. भाद्रपदातल्या पावसात भिजलेला हार आणि कोरडा हार यांच्या वजनात मोठा फरक असतो. फक्त रात्रीची, पावसानंतरची पोती तोललीत तर एकूण आकडा फुगतो. म्हणूनच दिवसभरातली थोडी थोडी पोती तोलायची. वेगळं काढलेलं प्लॅस्टिक आणि थर्माकोल वजनाला हलकं आणि आकाराने मोठं असतं. त्याची पोतीच मोजा: उदाहरणात २१.

"इतक्या मूर्ती नदीत जाण्यापासून वाचवल्या" असं लिहिलं तर चालेल का?

नको. बरीच कुटुंबं मूर्ती द्यायचं ठरवूनच घरून निघतात. आपण नसतो तर ती महापालिकेच्या कृत्रिम हौदाकडे गेली असती. किती कुटुंबांचा विचार घाटावर बदलला, हे मोजलेलं नसतं. "जमा झाल्या" किंवा "कुटुंबांनी सुपूर्द केल्या" एवढंच खरं आहे, आणि त्यात मूर्ती देणाऱ्या कुटुंबांचाही मान राहतो.

तसंच "गोदावरीचं प्रदूषण घटलं" हे वाक्य. पाण्याचे आधीचे आणि नंतरचे नमुने प्रयोगशाळेत तपासले असतील तरच ते लिहिता येईल. एका घाटावर एका रात्री जे जमा झालं त्यावरून नदीबद्दल बोलता येत नाही.

पावडर वाटणाऱ्या गटाच्या बाबतीत ही काळजी जास्त घ्यावी लागते. पीओपीची मूर्ती घरीच विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट वापरण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केली. त्यातून खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं. गटाने २०० पाकिटं वाटली म्हणजे २०० मूर्ती विरघळल्या असं होत नाही. मोठ्या मूर्तीला एकाहून जास्त पाकिटं लागतात, आणि काही पाकिटं कपाटातच राहतात. "२०० पाकिटं दिली आणि प्रत्येकासोबत वापरायची पद्धत तोंडी समजावली" हे त्यांचं श्रेय. किती जणांनी वापरलं हे हवं असेल तर आठवड्याने त्या घरांना फोन करा, आणि किती जणांना फोन लागला तेही लिहा.

मागच्या वर्षीशी तुलना करावी का?

तास, टेबलं आणि जागा तीच असेल तर करा. गंगापूर धरणातून पाणी सोडल्यामुळे खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतील आणि टेबल वर हलवावं लागलं असेल, तर तेही त्याच वाक्यात लिहा.

सफाई कर्मचारी, पोलीस, घंटागाडीचे चालक यांचे आभार स्वयंसेवकांबरोबर मानायचे का?

आभार जरूर मानायचे, पण वेगळ्या परिच्छेदात. त्यांची ती नेमणूक होती आणि त्यांनी ती चोख पार पाडली. स्वयंसेवकांच्या संख्येत त्यांना धरलं तर संख्या फुगते आणि त्यांचं कामही झाकलं जातं. इथेही नेमकं लिहा: "रात्री साडेबाराला ठरलेली फेरी संपल्यावरही चालकदादांनी आणखी एक खेप केली." हे पत्र त्यांच्या विभागीय कार्यालयाला पाठवा. नुसत्या तोंडी आभारांपेक्षा वरिष्ठांच्या टेबलावर पोहोचलेल्या एका ओळीचा त्यांना जास्त उपयोग होतो.

देणगीदार आणि पुढारी?

देणगीदाराने काय दिलं ते लिहा: ताडपत्र्या, हातमोजे, पाण्याचे जार, ट्रॉलीचं डिझेल. रकमा लिहू नका, त्या हिशेबाच्या कागदात असतात. पुढाऱ्यांनाही हाच नियम लावा. परवानगीसाठी पाठपुरावा केला असेल, दिव्यांची सोय करून दिली असेल तर ते लिहा. फक्त भेट दिली असेल तर "भेट दिली" एवढंच, आणि तेही गटांच्या नंतर. स्वयंसेवकांच्या पत्रावर सगळ्यात वर फोटो लागला तर तो मूर्ती उचलणाऱ्यांचा लागावा, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येकाचं नाव लिहायचं का?

मुख्य पत्रात गट, आणि सोबत नावांची वेगळी यादी. यादी अकारविल्हे लावा. फोन नंबर कुठेही नको. शाळकरी मुलांची पूर्ण नावं आणि फोटो पालकांना विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नका. शाळेचं नाव आणि इयत्ता पुरते.

एनएसएसच्या विद्यार्थ्यांना मात्र नावानिशी आणि तासांनिशी पत्र लागतं. त्यांना दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास, सेवा पूर्ण करायची असते. हजेरीवहीतल्या येण्या-जाण्याच्या वेळेवरून तास काढा आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या नावे वेगळं पत्र द्या. सगळ्यांना सरसकट आठ तास लावले तर दहा तास थांबलेल्या मुलावर अन्याय होतो.

एखादा गट आलाच नाही किंवा काम बिघडलं, तर पत्रात काय लिहायचं?

न आलेल्या गटाचा उल्लेखच नको. त्यांच्याशी समोरासमोर बोला. त्यांची जागा ज्यांनी भरून काढली त्यांचं मात्र स्पष्ट लिहा: "रात्रपाळीला माणसं कमी पडली तेव्हा वाद्यपथकातली मुलं वाकडी बारवेपासून निघालेल्या मिरवणुकीत वाजवून थेट घाटावर आली आणि पहाटेपर्यंत मूर्ती उचलत राहिली."

काम बिघडलं असेल तर ते निकालाच्या भागात, कोणाचं नाव न घेता, एक-दोन वाक्यांत लिहा. "रात्री नऊनंतर एकच ट्रॉली उरल्याने काही मूर्ती दोन तास उघड्यावर राहिल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या ट्रॉलीची सोय आधी करू." मूर्ती जमिनीवर पडलेल्या अनेकांनी पाहिलेल्या असतात. पत्रात त्याबद्दल काहीच नसेल तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

नमुन्याचं पत्र मिळेल का?

मिळेल. तसंच्या तसं उतरवू नका, तुमच्या वहीतून भरा.

"सप्रेम नमस्कार.

अनंत चतुर्दशीला आपल्या घाटावर सकाळी अकरा ते पहाटे दोनपर्यंत कुटुंबांनी १,८८४ गणेशमूर्ती सुपूर्द केल्या. हा आकडा ट्रॉलीत चढवताना मोजलेला आहे. फुला-पानांचं सुमारे १,४०० किलो ओलं निर्माल्य जमा झालं, ९६ पैकी १२ पोती तोलून काढलेला हा अंदाज आहे. प्लॅस्टिक आणि थर्माकोलची २१ पोती वेगळी निघाली. मूर्ती आणि निर्माल्य दोन्ही महापालिकेच्या गाड्यांतून रवाना झालं.

पायऱ्यांच्या वरच्या बाजूला ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या काकांनी आणि मावशींनी प्रत्येक कुटुंबाला आरतीची जागा दाखवली, त्यामुळे खाली चेंगराचेंगरी झाली नाही. तिन्ही टेबलांवर एनएसएसच्या विद्यार्थ्यांनी तासातासाच्या नोंदी ठेवल्या, म्हणूनच ट्रॉलीपाशी मोजलेला आकडा ताडून पाहता आला. बचत गटाच्या ताईंनी सात तास बसून निर्माल्य निवडलं, त्यामुळे एकही पोतं परत उघडावं लागलं नाही. वाद्यपथकातल्या मुलांनी मूर्ती हातोहात ट्रॉलीपर्यंत नेल्या. ट्रॉलीवरच्या पाच जणांनी खाली गवत अंथरून मूर्ती उभ्या रचल्या. जीवरक्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाण्यात उभे होते. चहा आणि खिचडी सांभाळणाऱ्या घरांमुळे कोणालाही जागा सोडून जेवायला जावं लागलं नाही.

रात्री नऊनंतर ट्रॉली कमी पडली, ते पुढच्या वर्षी सुधारायचं आहे. काही राहिलं असेल किंवा नाव चुकलं असेल तर रविवारपर्यंत कळवा, दुरुस्त प्रत सगळ्यांना पाठवू."

पत्र गेल्यावर एखादा गट राहून गेल्याचं लक्षात आलं तर?

त्याच दिवशी त्यांच्या प्रमुखांना फोन करा. मग पूर्ण पत्र दुरुस्त करून पुन्हा सगळ्यांना पाठवा, त्या गटाचा परिच्छेद त्याच्या योग्य जागी घालून. "कालच्या पत्रात यांचा उल्लेख राहिला" अशी तुटक ओळ व्हॉट्सॲपवर टाकली की ती वाहून जाते, आणि पुढच्या वर्षी जुनं पत्र शोधणाऱ्याला अपुरी प्रतच सापडते.

खताचं काय झालं, ते केव्हा कळवायचं?

निर्माल्याचं खत व्हायला साधारण दोन-अडीच महिने जातात, म्हणून मुख्य पत्रात "खत झालं" असं लिहू नका, "खतासाठी दिलं" असं लिहा. स्वतः खड्डा केला असेल तर दिवाळीनंतर तो उघडा. खत काळसर, भुरभुरीत आणि मातीच्या वासाचं झालं असेल, फुलांचे देठ ओळखू येत नसतील, तर चाळून तोला आणि दोन ओळींचा निरोप पाठवा. वजन निर्माल्याच्या मानाने खूपच कमी भरेल, कारण बरंचसं पाणीच होतं. हे निरोपातच सांगा, नाहीतर बाकीचं गेलं कुठे असं लोक विचारतात. चाळणीत दोरे आणि जरी किती निघाली तेही पाहा. अगदीच थोडी निघाली असेल तर तो निरोप सर्वात आधी बचत गटाच्या ताईंना पाठवा, आणि शक्य असेल तर सोबत प्रत्येकीच्या कुंडीपुरतं खत द्या.